करपलेल्या गुळाचं पातेलं आणि शेजारच्या काकू

भोगीची संध्याकाळ होती. कढईत भोगीची भाजी होती, म्हणून तिळगुळाचा पाक मी चहाच्या स्टीलच्या पातेल्यात करायला घेतला. चूक इथूनच सुरू झाली, कारण त्या पातेल्याचं बूड पत्र्यासारखं पातळ आहे. पाव किलो चिकीचा गूळ, एक चमचा तूप, मंद आच. गूळ विरघळून फेस यायला लागला तेवढ्यात बेल वाजली. सिलिंडरवाला होता. त्याला ओटीपी हवा होता, ओटीपी बायकोच्या फोनवर आला होता आणि बायको भाजी आणायला गेली होती. फोन लावला, आकडे घेतले, सिलिंडर आत सरकवून घेतला. परत आलो तर स्वयंपाकघरात निळसर धूर, आणि पातेल्यात काळा फेस काठापर्यंत चढून मग खाली बसलेला.

घाबरून दुसरी चूक केली. पातेलं सांडशीने उचललं आणि थेट सिंकमध्ये नळाखाली धरलं. करपलेल्या पाकाचं तापमान दीडशे अंशांच्या पुढे असतं. त्यावर थंड पाणी पडलं की त्याची क्षणात वाफ होते आणि ती वाफ पाकाचे शिंतोडे घेऊन उडते. दोन शिंतोडे मनगटावर बसले. गरम पाण्याचा थेंब ओघळून जातो, पाकाचा थेंब कातडीला चिकटून भाजत राहतो. हात बराच वेळ वाहत्या पाण्याखाली धरून उभा राहिलो. त्या अचानक गारठ्याने पातेल्याच्या बुडातून ‘टण्’ असा आवाज आला होता. तेव्हा त्याकडे लक्षच गेलं नाही.

थोड्या वेळाने पाहिलं तर तळाला बोटभर जाडीची काळी काच बसलेली. चिकीचा गूळ नावाप्रमाणे कडक बसतो, आणि हा तर करपून बसला होता. कालथाही त्यातच रुतलेला. मी सुरीच्या टोकाने टवके काढायला लागलो. एक तुकडा उडून चष्म्यावर आपटला. मग तारेची घासणी घेतली आणि दहा मिनिटं जोर लावला. गुळाला काही झालं नाही, पण वरच्या मोकळ्या स्टीलवर ओरखडे मात्र छान उठले.

आमच्या शेजारच्या काकू संक्रांतीला लाडू-चिकीच्या ऑर्डरी घेतात. वास त्यांच्यापर्यंत पोचलाच होता. दारातूनच म्हणाल्या, “जाळलास ना गूळ?” आत आल्या, पातेल्यात डोकावल्या आणि माझ्या हातातली घासणी काढून घेतली. “अरे बाळा, हे घासून नाही जायचं. साखरच आहे ना ती? पाण्यात टाकलेली साखर काय घासून विरघळवतोस?”

इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. दूध करपतं तेव्हा तळाला त्यातलं प्रथिन चिकटतं आणि ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून खरवड खरवडावीच लागते. पाक कितीही दगडासारखा दिसला तरी जोवर त्याचा कोळसा झालेला नाही तोवर तो पाण्यात विरघळतो, गरम पाण्यात तर फारच झटपट. माझ्या पातेल्यात दोन वेगळ्या गोष्टी होत्या. वर जाड थर होता तो तांबूस-काळ्या पाकाचा, आणि त्याच्या खाली, शेगडीची ज्योत लागते त्या गोलात, खरोखर जळून कोळसा झालेला पातळ थर. गुळात नुसती साखर नसते, ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि मळीही असते. त्यामुळे तो साखरेच्या आधी करपतो आणि कोळशाचा हा थर साखरेपेक्षा लवकर धरतो.

काकूंनी पातेलं साधारण अर्धं भरेल इतकं पाणी घालायला लावलं. कडेला जिथवर फेस वाळून चिकटला होता त्याच्या वर पाणी यायलाच हवं, नाहीतर तेवढी रेघ राहून जाते. पातेलं आता गार होतं म्हणून नळाचं पाणी चाललं. गरम असतं तर केटलमधलं उकळतं पाणीच घालायचं आणि तेही कडेकडेने, तोंड लांब ठेवून. मग गॅस मध्यम. रुतलेला कालथा तसाच राहू दिला आणि पाकाने माखलेली सांडशीची टोकंही त्यातच बुडवली.

पाच-सात मिनिटं काहीच दिसलं नाही. मग थराच्या कडा मऊ पडल्या आणि त्यांच्यातून शाईसारखे गडद धागे सुटून तळाशी पसरायला लागले. बघत बसावंसं वाटेल असं दृश्य होतं. पण काकू म्हणाल्या, “नुसता बघू नकोस, ढवळ.” विरघळलेला पाक पाण्यापेक्षा जड असतो. तो थरावरच पांघरूण घालून बसतो आणि वरचं साधं पाणी थरापर्यंत पोचतच नाही. लाकडी उलथन्याने तळ सतत हलवत राहिलो तसा कालथा सुटला, मग बशीएवढा एक तुकडा अख्खा उचलला गेला आणि पाण्यात फिरता फिरता विरघळून गेला. पंधरा मिनिटांत पाणी कोऱ्या चहासारखं झालं. ते गरम असतानाच सिंकमध्ये ओतलं आणि मागोमाग नळ सोडला. घट्ट पाक गार पाइपात जाऊन बसला तर पुढचा अनुभव प्लंबरवर लिहावा लागेल.

दुसरं पाणी चढवून काकू घरी गेल्या. जाताना बजावून गेल्या की पाणी आटू देऊ नकोस. पाणी आटलं की तो पुन्हा पाकच, आणि पाकाचा पुन्हा कोळसा. मी मान डोलावली आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं. नाकाला परत तोच गोड-कडवट वास आला तेव्हा पातेल्यात दोन बोटं दाट सरबत उरलं होतं आणि त्याचे बुडबुडे मोठे, आळशी फुटत होते. या वेळी गॅस आधी बंद केला आणि केटलमधलं गरम पाणी कडेने सोडलं. वाचलो.

तिसऱ्या पाण्यानंतर उरला तो तळातला काळा गोल, साधारण चकलीएवढा. तो साखर आहे की कोळसा हे ओळखायची काकूंची रीत सोपी आहे. ओलं बोट त्यावर चोळायचं. बोट चिकट लागलं तर अजून साखर आहे, पुन्हा पाणी उकळा. बोट चिकट न होता नुसतं काळं झालं तर तो कोळसा, तिथे पाण्याचं काम संपलं. माझं बोट काळं झालं.

बायको तोवर आली होती. तिने कुठेतरी पाहिलं होतं म्हणून खायचा सोडा आणि व्हिनेगर एकदम ओतलं. फसफसून भरपूर फेस आला, बघायला मजा आली, डाग होता तिथेच होता. होणारच. सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल. एकत्र केली की दोन्ही एकमेकांना मारतात आणि मागे उरतं ते जवळजवळ खारं पाणी. वापरायची असतील तर वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कामाला.

मग नुसता सोडा. पाऊण लिटर पाणी, दोन मोठे चमचे खायचा सोडा, आणि दहा-बारा मिनिटं उकळी. सोडा गार पाण्यात घालून मगच तापवायचा, उकळत्यात टाकला तर उसळून बाहेर येतो. उकळताना खायच्या सोड्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि तो हळूहळू धुण्याच्या सोड्याकडे झुकतो, म्हणजे आणखी तिखट होतो. म्हणूनच नुसतं भिजवण्यापेक्षा उकळल्याचा परिणाम जास्त. पाणी लगेच कॉफीसारखं गडद झालं. ते पाहून मी खूश झालो, पण त्यातला बराचसा रंग उरल्यासुरल्या गुळावर सोड्याने चढवलेला होता. कोळसा विरघळत नाही. सोडा त्याच्या खालची पकड ढिली करतो, एवढंच. म्हणून गॅस बंद करून झाकण ठेवलं आणि रात्रभर तसंच राहू दिलं. आदल्या पाण्यातली साखर ओट्यावर सांडली होती, तिथे सकाळी मुंग्यांची रांग लागली होती. सोड्याच्या पातेल्याकडे मात्र एकही फिरकली नव्हती.

सकाळी जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने तळ खरवडला. सुरी नाही, तार नाही. काळे पापुद्रे पापडासारखे सुटत आले. मधला रुपयाएवढा ठिपका तेवढा हटेना. त्यावर ओल्या सोड्याचा लगदा लावून हिरव्या घासणीने, स्टीलवर मुळातल्या ज्या बारीक रेघा असतात त्यांच्याच दिशेने घासलं. पाच मिनिटं लागली. खाली निळसर-सोनेरी झाक दिसली, ती मळ नव्हे. जास्त तापल्यावर स्टीलवरचा ऑक्साइडचा थर जाड होतो, त्याचा तो रंग. आता व्हिनेगरची पाळी. चमचाभर कोमट व्हिनेगर फिरवलं, झाक गेली, धुऊन लगेच कोरडं पुसलं.

काकूंना पातेलं दाखवायला नेलं तेव्हा त्यांनी त्यांची चिकीची कढई दाखवली. ती ॲल्युमिनियमची आहे, आणि तिला सोडा त्या कधीच लावत नाहीत, कारण सोड्याने ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि काळं पडतं. तिला फक्त उकळतं पाणी आणि लाकडी उलथनं. स्टीलच्या भांड्यालाही खाली ॲल्युमिनियमची उघडी चकती असेल तर सोड्याचं पाणी बाहेरून लागू द्यायचं नाही. ब्लीच मात्र स्टीललाही नको, त्यातल्या क्लोराइडने बारीक खड्डे पडतात. नॉनस्टिकचं विचारलं तर म्हणाल्या, “नॉनस्टिकमध्ये पाक करतं का कुणी?”

पातेलं परत आणून ओट्यावर ठेवलं आणि ते डुगडुगलं. नळाखाली ऐकलेला तो ‘टण्’ इथे होता. बुडाला बाहेरून पोक आलं आहे. डाग गेला, तारेचे ओरखडे राहिले, आणि आता रोज सकाळी चहा उकळताना शेगडीवर पातेलं टकटक वाजतं.