तुम्ही विचारलंत म्हणून: ‘माहीत नाही’च्या पुढे

“कसं वाटतंय विचारलं की दर वेळी ‘माहीत नाही’. यांना खरंच काही वाटत नाही, की सांगायचं नसतं?”

वाटतं. छाती धडधडते, झोप उडते, जबडा आवळला जातो. अडतं ते त्याच्या पुढे. या धडधडीला भीती म्हणायचं, राग म्हणायचं की नुसती दमणूक, हे त्या माणसाला आतून उमगत नाही. पीटर सिफ्निऑस या मानसोपचारतज्ज्ञांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला याला ‘अलेक्झिथायमिया’ म्हटलं. ग्रीक शब्द जोडून केलेलं नाव, अर्थ साधारण ‘भावनेला शब्द नाहीत’. हे आजाराचं निदान नाही. कुणात कमी, कुणात जास्त असं असतं. साधारण दहातल्या एकात ते ठळक दिसतं, आणि ऑटिझम असलेल्यांत जवळपास निम्म्यांत.

“पण तो बोलतो की! तास तास बोलतो,” असंही ऐकवलं जातं. बोलतोच. काय बोलतो ते ऐका. खाली दिलेला संवाद अनेक संवादांतून जुळवला आहे, पण तुमच्यापैकी बऱ्याच जणींना तो पाठ असेल.

नवऱ्याची बढती हुकली, त्याच्या हाताखालच्या मुलाला मिळाली. संध्याकाळी तो सांगतो, “साडेअकराला यादी लागली. माझं नाव नव्हतं. मग वीस मिनिटं मीटिंग झाली. लिफ्ट बंद होती, जिन्याने आलो.”

“मग? कसं वाटलं तुला?”

“कसं म्हणजे? यादी अशीच लागते.”

“राग नाही आला?”

“आला असेल.”

“असेल म्हणजे? तुला माझ्याशी बोलायचंच नाहीये.”

“बोलतोय की.”

त्या रात्री पोटात जळजळतंय म्हणून तो ॲसिडिटीची गोळी घेतो, दोनला जागा होतो आणि सकाळी चार्जर सापडत नाही यावरून घर डोक्यावर घेतो. चार्जरचा आणि यादीचा संबंध तिला लख्ख दिसतो. त्याला दिसत नाही, आणि ती दाखवायला गेली तर हा आरोप आहे असंच त्याला वाटतं.

आता एकेक ओळ बघा. ‘कसं वाटलं’ला त्याने यादीबद्दलचं मत दिलं. यात थोडा दोष आपल्या भाषेचाही आहे. ‘मला वाटतं पाऊस येईल’ आणि ‘मला वाईट वाटतं’ या दोन्हींत क्रियापद एकच. ज्याला मत हाताशी आहे आणि भावना नाही, तो मतच देणार. लिफ्टचा तपशील तिला टाळाटाळ वाटतो. पण याचं लक्ष मुळात बाहेर, घडलेल्या गोष्टींवर असतं, आणि त्याच्या हिशेबी हेच दिवसाचं खरं वर्णन आहे. ‘आला असेल’ हे तर त्या संध्याकाळचं सगळ्यात प्रामाणिक वाक्य. अशा प्रसंगी लोकांना राग येतो हे त्याला ठाऊक आहे, म्हणून तो अंदाज बांधतोय, परक्या माणसाबद्दल बांधावा तसा. आणि पोटात गोळा येणं, घशाशी येणं या गोष्टी आपण बोलायला म्हणून बोलतो; त्याच्यासाठी त्या पोटाच्या आणि घशाच्या तक्रारी असतात.

सगळ्यात जास्त बिघडतं ते ‘राग नाही आला?’ या प्रश्नाने. शब्द आयता मिळाला की पुढच्या वेळी तो “हो, राग आला” म्हणून मोकळा होईल, कारण तेवढ्याने चौकशी थांबते. शब्द उसना आहे की खरा, हे ओळखता येतं. खरा बसलेला शब्द मागून आणखी काही आणतो: “हो, आणि त्यात सगळे बघत होते.” उसन्या शब्दामागून काहीच येत नाही, आणि दोन दिवसांनी विचारलं तर तो त्याच्या लक्षातही नसतो.

तोच संवाद दुसऱ्या वाटेने जाऊ शकतो. सुरुवात शरीरापासून करायची.

“अंगात कुठे काही होतंय?”

“पोटात. वरच्या बाजूला. आवळल्यासारखं.”

“कधीपासून?”

“यादी लागल्यापासून. नाही, थांब. यादी बघितली तेव्हा काही नव्हतं. लिफ्टपाशी तो मुलगा भेटला, तेव्हापासून.”

इथे थांबायचं. दहा सेकंद, वीस सेकंद. हे जमायला भलतं कठीण असतं, कारण शांतता आपल्यालाच टोचते. मग भावनेचं नाव न विचारता काय करावंसं वाटत होतं ते विचारायचं.

“तो भेटल्यावर काय करावंसं वाटलं?”

“तिथून जावंसं. लिफ्ट बंद नव्हतीच खरं तर. मी जिन्याने आलो.”

आता दोन शब्द पुढे ठेवता येतात, दोनच, आणि ‘यातलं काहीच नाही’ ही सोय ठेवून. “राग, की लाज, की दोन्ही नाही?”

“राग नाही. लाजेच्या जवळचं. पण तेही नाही.”

एवढ्यावर सोडावं. ‘तेही नाही’ म्हणता आलं, म्हणजे तो आत डोकावून ताडून बघतोय. उरलेलं कधी तीन दिवसांनी एखाद्या मेसेजमध्ये येतं. लिहिताना घाई नसते आणि समोर कुणाचा चेहरा नसतो, म्हणून काहींना ते सोपं जातं.

पूर्वी मी अशा लोकांच्या हातात भावनांच्या शब्दांची लांबलचक यादी द्यायचे आणि रोज एक निवडायला सांगायचे. शब्दसंग्रह कमी पडतो अशी माझी समजूत होती. पण शब्द माहीत असतात. कोणता कुठे लावायचा ते कळत नाही, मग यादीतून काहीतरी उचललं जातं. तरीही यादीनेच वाट सापडलेले लोक आहेत, त्यामुळे ती साफ चूक होती असंही म्हणवत नाही.

मोजमापाचीही हीच गत. टोरांटो अलेक्झिथायमिया स्केल ही २० विधानांची प्रश्नावली सगळ्यात जास्त वापरली जाते. ६१ किंवा जास्त गुण आले की अलेक्झिथायमिया धरतात. भरायची मात्र त्या माणसानेच. ‘मला माझ्या भावना ओळखता येत नाहीत’ हे ओळखायला जी नजर लागते, तीच जर अधू असेल तर गुण कितपत खरे मानायचे? म्हणून जवळच्या माणसाचं म्हणणंही विचारात घ्यावं लागतं.

मुद्दाम लपवणारेही असतातच, ते नाकारत नाही. लपवणारा विषय बदलतो, आणि तुम्हाला न सांगितलेलं मित्राला सांगतो. अलेक्झिथायमिया असलेला माणूस मित्रापाशीही लिफ्टचंच सांगतो, आणि आनंदाच्या बातमीवरही तितकाच अडखळतो. पूर्वी नीट सांगता येत होतं आणि डोक्याला मार लागल्यावर हे सुरू झालं, तर डॉक्टरांकडे जायचं. पोट किंवा छाती वारंवार दुखत असेल तर तेही आधी तपासून घ्यायचं. ‘ते मनाचं आहे’ हा निकाल घरात लावू नये.

आणि तुम्ही चिडून म्हणता ना, “म्हणजे सगळं मीच शिकायचं?” यावर माझ्याकडे उत्तर नाही. पोट, लिफ्ट, जिना असं करत तो तीन दिवसांनी एका शब्दापाशी पोचेल. पण तुम्हाला तो शब्द त्या रात्री हवा होता.