सीनेच्या पुरातला अर्ज

आमचं गाव सीनेपलीकडे. शाळेला यायचं तर तिऱ्ह्याच्या पुलावरून एसटीनं. सोलापूर तसा कमी पावसाचा जिल्हा, पण परतीचा पाऊस सुरू झाला की सीना बघता बघता फुगते. नदी नगरकडून येते. तिकडे, परांड्याकडे पाऊस झाला की पाणी आमच्याकडे येणार. गावात नुसती भुरभुर आणि पूल मात्र पाण्याखाली, असं व्हायचं.

आठवीत असताना एका सप्टेंबरात असंच झालं. एसटी पुलाच्या तोंडाशी थांबली. कठड्याचे दगड उघडे पडेपर्यंत ड्रायव्हरकाकांनी गाडी हलवली नाही. पाणी ओसरल्यावरही ते आधी खाली उतरले, पूल कुठं खचलाय का ते चालत जाऊन बघून आले आणि मगच गाडी घातली. मला त्यांचं ते थांबणं अजूनही फार मोलाचं वाटतं. शाळेत पोचलो तेव्हा सव्वाबारा वाजले होते. पहिल्या तासाला गणिताची घटक चाचणी होऊन गेली होती.

वर्गशिक्षिका बाईंनी कागद पुढं केला, "हेडसरांच्या नावे अर्ज लिही." मी लिहिलं, 'खूप पाऊस असल्यामुळे उशीर झाला.' बाई म्हणाल्या, "अरे, शहरात सकाळपासून थेंब नाही. सरांना हे कसं पटेल? कुठं अडकलास, किती वेळ, काय बुडलं आणि तुला काय हवंय, ते लिही." मग असा अर्ज झाला:

'मा. मुख्याध्यापक यांस,
विषय : पुरामुळे झालेल्या विलंबाबाबत.
महोदय,
आज सीना नदीच्या पुराचे पाणी तिऱ्हे येथील पुलावर आल्याने आमची एसटी नऊ वाजल्यापासून पावणेबारापर्यंत थांबली होती. दुसरा रस्ता नसल्याने मी १२.१५ वाजता शाळेत पोहोचलो. पहिल्या तासाची गणिताची चाचणी बुडाली. कृपया उशीर माफ करून चाचणी पुन्हा देण्याची परवानगी द्यावी, ही विनंती. पालकांची सही उद्या आणतो.
आपला आज्ञाधारक विद्यार्थी'

त्यात 'खूप', 'भयंकर' असा एकही शब्द बाईंनी राहू दिला नाही. वेळ आणि जागा लिहिली की सरांना खातरजमा करता येते, असं त्या म्हणाल्या. आजारपणाचं खोटं कारण तर कधीच लिहायचं नाही, कारण दुसऱ्या दिवशी त्याच गाडीतलं दुसरं पोर खरं सांगतं.

हेडसरांनी अर्ज दोनदा वाचला. समासात लाल शाईनं शेरा मारला, 'विलंब माफ. चाचणी उद्या घ्यावी.' मग मला विचारलं, "त्या गाडीनं आणखी कोण कोण येतं?" मी नावं सांगितली. सरांनी लेखनिकांना बोलावून सीनेपलीकडच्या सगळ्या मुलांची यादी करायला लावली. पुढच्या पुराच्या वेळी आम्हाला वेगवेगळे अर्ज लिहावे लागले नाहीत. गाडीतल्या एकानं लिहायचा आणि बाकीच्यांनी खाली सह्या करायच्या.