रामजन्माची संहिता आणि बाराची घंटा

पुणे, रविवार, ६ एप्रिल २०२५. चैत्र शुद्ध नवमी, शके १९४७.

आज घरचा रामजन्म बरोबर बाराला झाला, आणि मला हायसे वाटले. गेल्या वर्षी मी लिहिलेली कथा पावणेबारालाच संपली होती. राम अजून पडद्याआड, पाहुण्यांच्या मुठीत फुले, आणि पंधरा मिनिटे कोणाला काय बोलावे ते कळेना. मुलांनी तोपर्यंत अर्धी फुले एकमेकांच्या डोक्यावर टाकून संपवली. म्हणून यंदा संहिता लिहिताना सुरुवातीपासून न लिहिता बारापासून मागे मोजत गेले.

मोजताना पहिला प्रश्न पडला तो कोणत्या बाराचा. वाल्मीकींनी बालकांडात चैत्र महिना, नवमी, पुनर्वसू नक्षत्र आणि कर्क लग्न सांगितले आहे; पाच ग्रह उच्चीचे होते असेही म्हटले आहे. ‘दुपारी’ असा शब्द तेथे नाही, परंतु तो या गणितातून आपोआप निघतो. सूर्याचे उच्च स्थान मेष. पूर्वेला कर्क उगवत असताना मेष रास तिच्या तीन घरे पुढे, म्हणजे डोक्यावर आलेली असते. सूर्य मेषेत आणि लग्न कर्क, तेव्हा जन्म माध्यान्हीचाच. हा भाग मी कथेत घातला आणि शेजारच्या मुलांना उंबऱ्यापाशी उभे करून राशींचे फेर धरायला लावले, त्यामुळे तो रुक्ष वाटला नाही.

परंतु हा माध्यान्ह घड्याळातल्या बाराला पुण्यात येत नाही. प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची. पुणे तिच्या पश्चिमेला जवळजवळ पावणेनऊ अंशांवर, आणि दर अंशाला चार मिनिटे, म्हणून पस्तीसएक मिनिटांचा फरक पडतो. एप्रिलच्या आरंभी सूर्य आणखी दोन-तीन मिनिटे मागे असतो. त्यामुळे आज आमच्या गच्चीवर सूर्य माथ्यावर आला तो १२ वाजून ३७ मिनिटांच्या सुमारास. नागपूरकरांना हाच क्षण वीसएक मिनिटे आधी मिळतो. म्हणून बाराचा जन्म चुकीचा ठरतो का? नाही. शास्त्रात माध्यान्ह हा क्षण नसून दिवसाच्या पाच भागांपैकी तिसरा भाग आहे. आज तो साडेअकराच्या जरा आधी सुरू होऊन पावणेदोनच्या पुढे गेला, आणि घड्याळाचे बारा त्यात नीट बसतात. यजमानांच्या आत्याबाई मात्र म्हणाल्या, “अगं, आमच्या वाड्यात घड्याळ कोण बघत होतं? चौकातल्या तुळशीवृंदावनाची सावली आत सरकली की घंटा.” भारतीय प्रमाणवेळ आली ती १९०६ साली, त्याआधी प्रत्येक गावाचा माध्यान्ह त्याच्या त्याच्या सूर्याचा होता.

तरीही बारालाच जन्म ठेवला, कारण मंदिरातली घंटा बाराला वाजते आणि आपला राम तिच्यामागून यावा हे कोणाला पटत नाही.

मागे मोजल्यावर आखणी अशी झाली. सव्वाअकराला गणेशवंदन, मग पस्तीस मिनिटांची कथा, आणि अकरा पन्नासपासून ‘श्रीराम जय राम जय जय राम’ हा तेरा अक्षरी नामघोष. माझ्या गेल्या वर्षीच्या चुकीवर हा नामघोषच उपाय ठरला. कथा लांबली तर तो दोन मिनिटांचा होतो, लवकर संपली तर बारा मिनिटे चालतो, आणि ऐकणाऱ्याला कोठेही ठिगळ दिसत नाही. कीर्तनकार हेच करतात. मी मात्र ते इतकी वर्षे ऐकूनही ओळखले नव्हते. फुले आणि अक्षता यंदा अकरा पंचावन्नला वाटल्या, त्याआधी नाही.

कथेसाठी पायसाचे वाटप निवडले, संपूर्ण बालकांड नाही. ऋष्यशृंगांनी पुत्रकामेष्टी केली, अग्नीतून दिव्य पुरुष पायसाचे पात्र घेऊन आला, आणि दशरथाने अर्धे पायस कौसल्येला दिले. उरलेल्याचे अर्धे सुमित्रेला, त्यातून उरलेल्याचे अर्धे कैकेयीला, आणि शेवटचा भाग विचार करून पुन्हा सुमित्रेलाच. आठ वाट्या मांडून मी हे दाखवले: चार, दोन, एक, एक. सुमित्रेला दोनदा मिळाले म्हणून तिला जुळे, हे एका सात वर्षांच्या मुलीने माझ्याआधी सांगितले. महाराष्ट्रात कीर्तनातून ऐकलेली घारीची गोष्ट, म्हणजे घारीने कैकेयीचा वाटा पळवून अंजनीच्या ओंजळीत टाकला आणि मारुती जन्मला ही, वाल्मीकींकडे नाही. ती मी वेगळी, ‘आपल्याकडे असेही सांगतात’ म्हणून सांगितली. ती गाळणे आत्याबाईंना सहन झाले नसते, आणि खरे तर मलाही.

पाळण्यात आम्ही कुंची घातलेला नारळ ठेवतो. पितळी राम देव्हाऱ्यातच राहतो. दिवसागणिक चालणारा बारा कडव्यांचा पाळणा प्रत्येक ओळीमागे बायकांच्या साथीने म्हटला तर सात मिनिटे सहज लागतात आणि आठव्या कडव्याला दोरी ओढणारा हात दुखू लागतो. म्हणून यंदा तीनच कडवी, तीही माझीच:

पहिल्या दिवशी सूर्य माथ्यावरी,
सावली दडली पायांच्या तळी,
कौसल्येच्या ओटीत उमलली कळी,
जो बाळा जो जो रे जो ॥

सहाव्या दिवशी सटवी ये राती,
थबकला बोरू तियेच्या हाती,
चौदा वर्षांची वाट लिहू किती,
जो बाळा जो जो रे जो ॥

बाराव्या दिवशी वसिष्ठ आले,
चौघा बाळांचे बारसे केले,
राम हे नाव कानी सांगितले,
जो बाळा जो जो रे जो ॥

शेवटच्या कडव्याला आधार आहे: अकरा दिवस लोटल्यावर वसिष्ठांनी नावे ठेवली. आपण घरी जन्म आणि बारसे एकाच घटकेत उरकतो, हे हा पाळणा लिहीपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते.

सुंठवडा काल रात्रीच केला होता. दोन वाट्या सुके खोबरे किसून भाजले, पाव वाटी खसखस, अर्धी वाटी खारकेची पूड, सव्वा वाटी पिठीसाखर, दोन मोठे चमचे सुंठ आणि वेलदोडा. खोबरे गरम असताना मिक्सरमध्ये फिरवले की तेल सुटून गोळा होतो, म्हणून ते ताटात पसरून पूर्ण गार केले. सुंठ वस्त्रगाळ करावी लागते, नाहीतर तिचे तंतू घशाला लागतात आणि रामजन्माच्या आनंदात सगळे खोकत बसतात. सोबत कैरीचे पन्हे होतेच. उपवास कधी सोडायचा यावर मात्र आमच्यात एकमत नाही: आत्याबाई दशमीलाच पारणे करतात, आम्ही जन्मानंतर सुंठवडा घेऊन दिवसभर फराळावर राहतो.

पाहुणे गेल्यावर एक मीटरची काठी घेऊन गच्चीवर गेले. १२ वाजून ३७ मिनिटांनी तिची सावली वीतभरही नव्हती, सुमारे २१ सेंटीमीटर, अगदी उत्तरेकडे वळलेली. आत्याबाई जिन्यातूनच विचारत होत्या, “झाला का गं तुझा दुसरा रामजन्म?” मी हो म्हटले आणि उरलेल्या चार अक्षता काठीवर टाकल्या.