संपूर्ण इंदूर, वाजवी दर

‘घरगुती चव. संपूर्ण इंदूर. वाजवी दर.’ नकाशावर ‘टिफिन सर्विस नियर मी’ असं शोधलं की अशा पाट्यांची रांगच उघडते. वाचायला छान वाटतं, पण डबा लावायला निघालेल्या माणसाला यातून काही कळत नाही. घर कोणाचं, संपूर्ण म्हणजे कुठवर आणि वाजवी कोणाच्या खिशाला? शोधणारा पलासियातल्या तिसऱ्या मजल्यावर बसलेला असतो, साडेअकरा वाजलेले असतात आणि सकाळचे पोहे कधीच जिरलेले असतात. त्याला विचारायच्या असतात तीनच गोष्टी: माझ्या इमारतीत येता का, किती वाजता, आणि महिन्याला नक्की किती? ज्या पाटीवर ही उत्तरं आयती सापडतात तिथेच तो फोन करतो.

यातलं ‘संपूर्ण इंदूर’ सगळ्यात महागात पडतं. डब्याचा इलाका किलोमीटरवर ठरत नाही, घड्याळावर ठरतो. समजा स्वयंपाकघर तिलकनगरात आहे आणि डबे चाळीस. भरलेला स्टीलचा डबा साधारण किलोभराचा धरला तरी चाळीस किलो वजन झालं, म्हणजे स्कूटरवर दोन्ही बाजूंना वीस-वीस किलोच्या पिशव्या. मुलगा साडेअकराला निघतो. गीता भवन, पलासिया, एलआयजी, विजयनगर ही सगळी ठिकाणं ए.बी. रोडवर ओळीने येतात, त्यामुळे कुठे मागे वळावं लागत नाही. आठेक किलोमीटरचा रस्ता सिग्नल धरून अर्ध्या तासात होतो. पण वेळ रस्त्यात जातच नाही, तो जातो इमारतीत. गाडी लावा, गेटवर वहीत नाव लिहा, लिफ्टची वाट पाहा, रिसेप्शनवर डबे मोजून ठेवा, कालचे रिकामे उचला. एका इमारतीला चार मिनिटं सहज लागतात. चाळीस डबे अकरा इमारतींत असतील तर चव्वेचाळीस मिनिटं तिथेच गेली, आणि शेवटचा डबा पाऊण वाजता टेबलावर आला. एका इमारतीतले सहा डबे आणि सहा इमारतींतला एकेक डबा यांत पैसे तेवढेच मिळतात, पण वीस मिनिटांचा फरक पडतो.

आता ‘संपूर्ण इंदूर’वर विसंबून सुपर कॉरिडॉरवरून एक फोन येतो. टीसीएस, इन्फोसिस तिकडेच असल्याने गिऱ्हाईक चांगलं वाटतं आणि हो म्हटलं जातं. तिलकनगरहून ते अंतर पंधरा-सोळा किलोमीटर आहे. जाऊन-येऊन तीस झाले, पेट्रोल साठ-सत्तर रुपयांचं आणि तासभर वेळ. डबा नव्वदचा! शिवाय त्या एका डब्यापायी विजयनगरचे सोळा डबे उशिरा पोचले, तर वाईट अभिप्राय सुपर कॉरिडॉरचा माणूस लिहीत नाही, विजयनगरचे लिहितात. तिकडे जायचंच असेल तर एका जागी दहा-बारा डबे जमेपर्यंत थांबावं आणि मग वेगळा मुलगा, वेगळी फेरी लावावी.

म्हणून पाटीवर ‘५ किमी परिसर’ असंही लिहू नये. पाच किलोमीटरचं वर्तुळ काढलं की त्यात रेल्वेलाइनही येते, राजवाड्याकडची गर्दीही येते. गल्ली-चौकांची नावं द्यावीत: ‘गीता भवन ते विजयनगर चौराहा, ए.बी. रोड आणि दोन्ही बाजूंच्या पहिल्या गल्ल्या. १२:४५ पर्यंत.’ गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमध्ये घरून धंदा करणाऱ्याला पत्ता झाकून नुसता सेवा-परिसर दाखवता येतो. तिथे वर्तुळ काढता येत नाही, गाव, भाग किंवा पिनकोड निवडावे लागतात, आणि जास्तीत जास्त वीस. वीसची सोय दिसली की वीसच्या वीस भरायचा मोह होतो. पण डबा कुठून निघतो आणि शोधणारा कुठे आहे, यातलं अंतर नकाशाच्या हिशेबात असतंच. यादीत भवरकुआं घातलं म्हणून भवरकुआं जवळ येत नाही. चार खरी नावं पुरेत. आणि धंद्याच्या नावातच ‘बेस्ट टिफिन सर्विस इन इंदूर’ असं कोंबलं, तर ते नियमाबाहेर असल्याने प्रोफाइल बंद पडण्याचीही भीती असते.

आता दर. ‘महिना २,२०० रुपये’ हे वाक्य अगदी स्पष्ट दिसतं आणि सगळी भांडणं त्याच्याच पोटात असतात. महिना म्हणजे किती डबे? रविवार सोडून धरले तर सव्वीस दिवस, म्हणजे डबा पंच्याऐंशीच्या आत पडला. पण गिऱ्हाईक पाच दिवसांच्या हपिसातलं असतं. त्याचे दिवस भरतात बावीस, आणि त्याला डबा शंभरला पडतो. त्यात दोन दिवस तो गावी गेला तर एकशे दहा. देणाऱ्याच्या मनात पंच्याऐंशी, खाणाऱ्याच्या मनात एकशे दहा, आणि दोघेही आपापल्या जागी खरे! महिना संपताना जो फोन होतो त्यात ‘तुम्ही म्हणाला होता’ हे शब्द दोन्हीकडून येतात.

यावर उपाय जुनाच आहे, खाणावळीच्या कूपनांचा. महिना विकू नये, डबे विकावेत. ‘२४ डबे, २,१६० रुपये (डब्याला ९०). ४५ दिवसांत संपवायचे. एकच डबा हवा असेल तर ११०.’ पाच दिवसवाला आणि सहा दिवसवाला दोघांनाही हे लागू पडतं. पंचेचाळीस दिवसांची मर्यादा मात्र हवीच, नाहीतर कोणीतरी मार्चचं कार्ड दिवाळीत काढतो. सुट्टी कळवायची वेळही तिथेच लिहावी: आदल्या रात्री नऊपर्यंत. सकाळी दहाला कोणी ‘आज नको’ म्हटलं तर भाजी चिरलेली असते, कणीक भिजलेली असते आणि वाचतं फक्त त्या इमारतीत जाणं, तेही तिथे दुसरा डबा नसला तर. रात्री नऊला कळलं तर तेवढी भाजी कमी आणता येते. नियमामागचं हे कारण अर्ध्या ओळीत दिलं की माणसं तो सहसा पाळतात. नुसता ‘कृपया नोंद घ्यावी’ म्हटलेला नियम कोणी पाळत नाही.

नव्वद रुपयांत काय येतं तेही मापात सांगावं. ‘भरपूर’ हे माप नाही. किलोभर कणकेच्या चाळीसेक फुलके-पोळ्या होतात, म्हणजे चार पोळ्यांना शंभर ग्रॅम पीठ. भात पन्नास ग्रॅम तांदळाचा, शिजून वाटीभर. सुकी भाजी एक वाटी, वरण किंवा आमटी एक वाटी, चटणी-कोशिंबीर चमचाभर. जास्तीची पोळी हवी असेल तर तिचा दर वेगळा. डब्याची अनामत ३०० रुपये, परत मिळणारी. ही ओळ वाचून लोक नाकं मुरडतात. पण एका गिऱ्हाइकामागे दोन डबे फिरत असतात, एक हपिसात आणि एक घासायला. चाळीस गिऱ्हाइकांना ऐंशी डबे लागतात. हपिसातल्या कपाटात डबे कसे नाहीसे होतात याचा शोध अजून कोणाला लागलेला नाही.

आठवड्याचा मेनू वाचायला सोपा असतो, लावायला नसतो. कोणत्या वारी काय, हे जिभेपेक्षा मंडी ठरवते. सोमवारी मटकीची उसळ का? कारण मटकी शनिवारी रात्री भिजते, रविवारी सकाळी फडक्यात बांधली जाते आणि सोमवारी पहाटे मोड तयार असतात. रविवारी मंडीत जावंच लागत नाही. मंगळवारी पहाटे चोइथराम मंडीतून ताजी भाजी आली की त्या दिवशी पालक किंवा मेथी, कारण पाला थांबत नाही. बुधवारी गिलकी (पुण्याकडची मंडळी घोसाळं म्हणतात), गुरुवारी कोबी, कारण तो दोन दिवस दम धरतो. शुक्रवारी शेवभाजी, शनिवारी बटाटा. ‘सीझनची भाजी’ असं मोघम लिहिलं की लोकांना दिसतो तो बटाटाच, म्हणून तिथे ‘गिलकी, नाहीतर दुधी’ अशी दोन नावं द्यावीत. टोमॅटोवर उभी असलेली भाजी मात्र वाराला बांधू नये. २०२३च्या जुलैत टोमॅटो शंभरीपार गेला तेव्हा ज्यांनी ती बांधली होती त्यांना एकतर तोटा सोसावा लागला, नाहीतर शब्द फिरवावा लागला.

शेवभाजीची तर गंमतच आहे. इंदुरी माणसाला ती लागतेच, आणि डब्यात ती टिकत नाही. साडेदहाला रश्श्यात घातलेली शेव साडेबाराला पिठलं होऊन बसते. म्हणून रस्सा वाटीत आणि शेव कागदाच्या पुडीत वेगळी, पोळ्यांच्या कप्प्यावर ठेवायची. पोळ्यांचंही तसंच आहे. तव्यावरून थेट डब्यात गेल्या तर वाफ झाकणाला लागून पाणी होतं, वरची पोळी ओली आणि खालची चामट. पाच मिनिटं जाळीवर पसरून, वाफ गेली की सुती फडक्यात गुंडाळायच्या. ‘पोळ्या चिवट होत्या’ या तक्रारीत कणकेचा दोष क्वचितच असतो. मेमध्ये दही किंवा काकडीची दह्यातली कोशिंबीर मेनूत ठेवू नये. बेचाळीस अंशांत सव्वा तास स्कूटरवर फिरलेलं दही खाणाऱ्यापर्यंत आंबटच पोचतं. त्या दिवसांत कैरीची चटणी चालते. तुपात बुडवलेले बाफले? कोणत्याच दिवसांत नकोत. थंडीत तूप थिजतं ते वेगळंच, आणि बाफले खाऊन तीनच्या मीटिंगला कोण जागं राहणार!

उरलेल्या ओळी छोट्या आहेत, पण त्यांच्यावाचून पाटी अर्धवट दिसते. एफएसएसएआयचा चौदा आकडी नोंदणी क्रमांक. फोटो एकच, पण आपल्याच उघडलेल्या डब्याचा, खिडकीच्या उजेडात काढलेला. केळीच्या पानावरची सोळा पदार्थांची थाळी टाकली की पहिल्याच दिवशी चार वाट्यांचा डबा उघडणाऱ्याला फसल्यासारखं वाटतं. बंद असण्याचे दिवसही आधीच लिहावेत: रंगपंचमी आणि अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस. रंगपंचमीची मिरवणूक, म्हणजे गेर, निघाली की राजवाड्याकडे स्कूटर जातच नाही, आणि विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या झांक्या पाहून रात्रभर जागलेल्या गावात डबा घेणारा आणि देणारा दोघेही झोपलेले असतात.

आणि फोनची वेळ. बहुतेक पाट्यांवर नंबर असतो, पण तो कधी उचलला जाईल हे नसतं. शोधणारा फोन करतो भूक लागल्यावर, अकरा ते एकमध्ये, आणि नेमका तेव्हाच पलीकडचा हात कोपरापर्यंत पिठात असतो. दोनदा घंटी वाजून बंद झाली की तो यादीतल्या पुढच्या नंबराकडे जातो. म्हणून नंबराखाली एवढं लिहावं: ‘फोन सकाळी ७ ते ८ आणि दुपारी २ नंतर. मधल्या वेळेत इमारतीचं नाव आणि मजला व्हॉट्सअ‍ॅप करा, दोननंतर कळवतो.’