पाच लाखांची नोटीस आणि तीन व्यापारी

जानेवारी २०२४ चा शेवटचा आठवडा आम्हा कर सल्लागारांना चांगलाच लक्षात आहे. २०१८-१९ या वर्षाच्या, जीएसटी कायद्याच्या कलम ७३ च्या, म्हणजे फसवणुकीचा आरोप नसलेल्या कराच्या मागणीच्या नोटिसा काढायची मुदत ३१ जानेवारीला संपत होती, त्यामुळे रोज कुणा ना कुणा अशिलाच्या नावाने पोर्टलवर काहीतरी येऊन पडत होतं. दत्तूभाऊंची नोटीस त्यातलीच. परतूर रस्त्याला त्यांचा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचा कारखाना आहे. माणूस सचोटीचा, आणि कागद न फेकणारा. हा दुसरा गुण पुढे फार कामाला आला.

कर ५,०४,००० रुपये. त्यावर पाच वर्षांचं १८ टक्क्यांनी व्याज साडेचार लाखांच्या घरात, आणि दहा टक्के दंड. बेरीज दहा लाखांवर गेलेली. आरोप एका ओळीचा: तुम्ही ज्यांच्याकडून लोखंड घेतलं त्यांनी विवरणपत्रं भरली नाहीत, म्हणून त्या खरेदीवर घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीत दिलेल्या कराची आपल्या करातून मिळणारी वजावट, नामंजूर. सोबत तीन व्यापाऱ्यांची यादी जोडलेली.

"सर, माल आला, पैसे आरटीजीएसनं गेले, बिलावर जीएसटी लावलेला हाय. त्यानं सरकारला दिला नाही तर ते मी काहून भरू?"

हा प्रश्न राज्यातला प्रत्येक व्यापारी विचारतो आणि तो चुकीचा नाही. पण कायद्याचं कलम १६(२)(सी) म्हणतं, की पुरवठा करणाऱ्याने तो कर प्रत्यक्ष सरकारजमा केला असेल तरच घेणाऱ्याला क्रेडिट. शिवाय कलम १५५ प्रमाणे क्रेडिट पात्र आहे हे सिद्ध करायची जबाबदारी क्रेडिट घेणाऱ्याची. दत्तूभाऊंना एवढं सांगून मी तो विषय बाजूला ठेवला. आधी ही यादी खरी आहे का ते बघायचं होतं. अशा नोटिशीत सगळे एकाच दोरीला बांधलेले असतात, पण "विवरणपत्र भरलं नाही" याचे प्रकार वेगवेगळे, आणि प्रत्येकाला उत्तर वेगळं.

पोर्टलवर लॉगिन करून व्यापाऱ्याचा जीएसटी नंबर टाकला की त्याने कोणत्या महिन्याचं कोणतं विवरणपत्र कोणत्या तारखेला भरलं याचा तक्ता दिसतो. आर-वन म्हणजे विक्रीच्या बिलांची यादी. थ्रीबी म्हणजे कर भरायचं विवरणपत्र. माणूस आर-वन भरतो आणि थ्रीबी भरत नाही, तेव्हा आपलं बिल आपल्या टूएमध्ये, म्हणजे पोर्टलवर आपोआप तयार होणाऱ्या खरेदीच्या यादीत, झळकतं, पण सरकारच्या तिजोरीत काहीच गेलेलं नसतं. उलटही होतं. कर भरलेला असतो, पण आपलं बिल यादीत नसतं.

वाळूजचा पत्र्याचा व्यापारी या उलट्या प्रकारातला निघाला. त्याच्या नावावर १,६२,००० चा कर होता. टूएमध्ये त्याचं एकही बिल नाही, पण तक्त्यात बाराही महिन्यांचे आर-वन आणि थ्रीबी दोन्ही भरलेले. म्हणजे बिलं कुठेतरी दुसरीकडे गेलेली. त्याच्या हिशोबनिसाने शोधून सांगितलं, की ती दत्तूभाऊंच्या धाकट्या भावाच्या फर्मच्या नंबरावर चढली आहेत. दोघांच्या फर्मची नावं जवळजवळ सारखी. भावाभावांचं वाटणीवरून बोलणं बंद, त्यामुळे पाच वर्षांत कुणाला पत्ताच नाही.

या प्रकाराला २७ डिसेंबर २०२२ चं १८३ क्रमांकाचं परिपत्रक लागू पडतं. २०१७-१८ आणि २०१८-१९ साठी एका व्यापाऱ्याकडचा फरक वर्षात पाच लाखांपर्यंत असेल, तर त्याचं स्वतःचं प्रमाणपत्र चालतं. त्याच्या वर असेल तर सीए किंवा कॉस्ट अकाउंटंटचं लागतं. पत्रेवाल्याने प्रमाणपत्र दिलं. पण माझ्या मते तेवढं पुरेसं नव्हतं, कारण चुकीचा नंबर पडलेला असेल तर अधिकारी त्या नंबरवाल्याच्या अधिकाऱ्याला कळवतो, आणि त्याने क्रेडिट घेतलं असेल तर तिकडेही प्रकरण उभं राहतं. म्हणून धाकट्या भावाचं पत्र हवं होतं, की ही बिलं माझी नाहीत आणि मी त्यांचं क्रेडिट घेतलेलं नाही. ते पत्र मिळवायला दत्तूभाऊ स्वतः गेले नाहीत. वहिनीने आणून दिलं.

दुसरा लोखंडी अँगलचा दुकानदार, कर १,२६,०००. यादीत त्याच्यापुढे डिसेंबर २०१८ ते मार्च २०१९ थ्रीबी "नाही" असं लिहिलेलं. आणि तक्त्यात बघतो तर चारही थ्रीबी सप्टेंबर २०२० मध्ये भरलेले! जुलै ते सप्टेंबर २०२० या काळात जुने थकलेले थ्रीबी भरणाऱ्यांना विलंब शुल्क एका विवरणपत्राला पाचशेपर्यंतच होतं. त्या सवलतीत त्याने सगळं एकदाच उरकून टाकलं होतं. नोटिशीला जोडलेली यादी त्याआधी कधीतरी काढून ठेवलेली असावी. तक्त्याची छापील प्रत लावली. अधिकारी मॅडमनी योग्य प्रश्न विचारला: थ्रीबीत तर एकगठ्ठा रक्कम असते, त्यात यांचीच बिलं आहेत कशावरून? दुकानदाराच्या चार महिन्यांच्या आर-वनमधली विक्री आणि थ्रीबीतली विक्री एकमेकांशी जुळवून दाखवली आणि त्याचं तसं पत्र दिलं. विषय संपला.

राहिला तिसरा. सहा बिलं, बारा लाखांचा माल, २,१६,००० चा कर. ना आर-वन, ना थ्रीबी. नोंदणी खात्याने आपणहून रद्द केलेली, तीही नोंदणी झाली त्याच तारखेपासून. फोन बंद. पत्त्यावर पिठाच्या गिरणीवरची कुलूपबंद खोली. इथे १८३ क्रमांकाचं परिपत्रक उपयोगाचं नाही, कारण ते कर भरलेल्या पण बिल न दाखवलेल्या व्यापाऱ्यासाठी आहे. प्रमाणपत्र देणारा माणूसच नाही, आणि असता तरी त्याने देणार काय?

मग उरतं ते एकच. माल खरोखर आला हे दाखवायचं. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये इकॉम गिल कॉफीच्या प्रकरणात, कर्नाटकच्या जुन्या व्हॅट कायद्याखाली, सांगून ठेवलंय की नुसतं बिल आणि चेकने दिलेले पैसे पुरत नाहीत. गाडी, भाडं, माल पोचल्याची पोच हे सगळं लागतं. दत्तूभाऊंनी गोणपाटात बांधलेला गठ्ठा आणला. त्यात ट्रान्सपोर्टच्या बिल्ट्या, भाड्याच्या पावत्या, वजनकाट्याच्या चिठ्ठ्या. काट्याच्या चिठ्ठीवर गाडीचा नंबर, भरल्या गाडीचं वजन आणि रिकामीचं वजन असतं, आणि काटा व्यापाऱ्याचाही नसतो आणि घेणाऱ्याचाही नसतो, म्हणून मी तिला बिलापेक्षा जास्त किंमत देतो. महाराष्ट्रात राज्यांतर्गत ई-वे बिल, म्हणजे माल नेताना पोर्टलवरून काढायचा कागद, २५ मे २०१८ पासून सुरू झालं होतं, तेही सहाच्या सहा होते.

मी प्रत्येक ई-वे बिलावरचा गाडीनंबर वाहन नोंदणीच्या पोर्टलवर टाकून बघतो. खात्याचे लोकही हेच करतात, मग आपण आधी का बघू नये? पाच नंबर ट्रक आणि टेम्पोचे निघाले, काट्याच्या चिठ्ठीशी जुळणारे. सहावा नंबर टाकला आणि समोर स्कूटर आली. तीन टन लोखंडी चॅनेल, स्कूटरवर. त्या बिलाची काट्याची चिठ्ठीही गठ्ठ्यात नव्हती.

दत्तूभाऊ म्हणाले, "ड्रायव्हरनं नंबर चुकीचा सांगितला असंल. माल तर उतरला होता सर, मी स्वतः उभा होतो."

असेलही. पण ते कागदाने सिद्ध होणार नव्हतं. आणि हे एक बिल इतर पाचांबरोबर मांडलं असतं, तर स्कूटर सापडल्यावर बाकीच्या पाचांवरचा विश्वासही उडाला असता. वर प्रकरण कलम ७३ मधून फसवणुकीच्या कलम ७४ कडे सरकण्याची भीती. म्हणून दीड लाखाच्या त्या बिलाचा २७,००० कर आणि पंचवीस हजारांच्या आसपास व्याज डीआरसी-०३ या स्वतःहून कर भरायच्या फॉर्मने नोटिशीपासून तीस दिवसांच्या आत भरायला लावलं. मुदतीत भरलं की तेवढ्यापुरता दंड लागत नाही. दत्तूभाऊ दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.

उरलेल्या १,८९,००० साठी उत्तर दिलं. मद्रास उच्च न्यायालयाचा २०२१ चा डी. वाय. बीथेल आणि कलकत्ता उच्च न्यायालयाचा २०२३ चा सनक्राफ्ट एनर्जी हे निकाल जोडले. दोन्हींचा रोख असा, की आधी पुरवठादाराला गाठा, घेणाऱ्यावर थेट जाऊ नका. सनक्राफ्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हस्तक्षेप केला नव्हता, तेही मांडलं. मॅडमनी शांतपणे ऐकलं आणि महालक्ष्मी कॉटनचा मुंबई उच्च न्यायालयाचा २०१२ चा निकाल पुढे केला. व्हॅटच्या कलम ४८(५) खाली, कर तिजोरीत गेला तेवढाच सेट-ऑफ, म्हणजे व्हॅटमधलं क्रेडिट, हे तिथे कायम झालेलं. महाराष्ट्रात बसून मद्रास-कलकत्त्यावर सगळी भिस्त ठेवता येत नाही, हे मलाही माहीत होतं.

एप्रिलमध्ये आदेश आला. पत्रेवाला आणि अँगलवाला दोन्ही सुटले. तिसऱ्याबद्दल मॅडमनी स्पष्ट लिहिलं, की माल मिळाल्याचे पुरावे मान्य आहेत, तरी कर सरकारजमा नसल्याने क्रेडिट देता येत नाही. १,८९,००० कायम. दंड दहा टक्क्यांनी १८,९०० व्हायला हवा होता, पण लागला २०,०००. केंद्र आणि राज्य दोन्ही करांचा दहा-दहा हजारांचा किमान दंड स्वतंत्र मोजतात. कायद्यानेच आहे ते, त्यामुळे त्यावर भांडलो नाही.

दहा टक्के, म्हणजे १८,९०० भरून अपील केलं. आदेशातलं "माल मिळाल्याचे पुरावे मान्य" हे वाक्य अपिलाला सोन्यासारखं होतं आणि मला हे प्रकरण शेवटपर्यंत लढायचं होतं. तेवढ्यात १ नोव्हेंबर २०२४ पासून कलम १२८ए लागू झालं. कलम ७३ खालच्या २०१७-१८ ते २०१९-२० च्या मागणीतला पूर्ण कर ३१ मार्च २०२५ पर्यंत भरा आणि अपील मागे घ्या, व्याज आणि दंड माफ. व्याजच तोवर कराच्या आसपास पोचलं होतं.

दत्तूभाऊंनी दुसऱ्या दिवशी हिशोब मांडला. अपिलाचे १८,९०० वजा जाऊन १,७०,१०० भरायचे, आणि प्रकरण बंद. मी कायद्याचा मुद्दा सांगितला, तर म्हणाले, "सर, मुद्दा तुमचा बरोबर हाय, पण मला ट्रॉल्या करायच्यात." त्यांनी पैसे भरले, अपील मागे घेतलं, व्याज-दंड माफीचा एसपीएल-०२ हा अर्ज दिला. स्कूटरच्या बिलावर आधीच भरलेलं व्याज मात्र परत मिळत नाही, कारण या योजनेत भरलेल्याचा परतावा नाही. ते त्यांनी मला अजून दोनदा ऐकवलंय.

आता ते नव्या व्यापाऱ्याला बिलाची मूळ रक्कम लगेच देतात आणि त्यावरचा जीएसटी मात्र टूबीमध्ये, म्हणजे त्या महिन्याच्या क्रेडिटच्या पक्क्या यादीत, बिल दिसल्यावर. २०२२ पासून टूबीत नसेल तर क्रेडिट घेताच येत नाही, म्हणून हे ठीक. पण बिल टूबीत दिसलं तरी थ्रीबी भरला असेलच असं नाही, म्हणून सप्टेंबर संपला की आधीच्या वर्षाच्या सगळ्या व्यापाऱ्यांचा तक्ता मी काढतो. ज्याचा थ्रीबी बाकी असेल त्याचं क्रेडिट नियम ३७ए प्रमाणे ३० नोव्हेंबरपर्यंत उलटवायचं, आणि त्याने पुढे भरलं की परत घ्यायचं. रोखून धरलेला जीएसटी १८० दिवसांच्या आत द्यावाच लागतो, नाहीतर क्रेडिट त्या कारणाने जातं. मागच्या दिवाळीला एका अँगलवाल्याने या अटीवर माल द्यायला नकार दिला. दत्तूभाऊंनी त्याचा नंबर टाकून तक्ता बघितला. तीन महिन्यांचे थ्रीबी बाकी होते.