अकॅडेमिक कोऑर्डिनेटरची मुलाखत: माझा अनुभव

नाशिकच्या एका विनाअनुदानित शाळेत मी अकॅडेमिक कोऑर्डिनेटर पदासाठी मुलाखत दिली. राज्य मंडळाचा अभ्यासक्रम, सेमी इंग्रजी, प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या. तयारी करताना मी शैक्षणिक धोरण, मूल्यमापनाच्या पद्धती असं बरंच वाचलं होतं. त्यातलं जवळजवळ काहीच कोणी विचारलं नाही. पॅनलवर संस्थेचे सचिव, शाळेचे मुख्याध्यापक आणि बाहेरून बोलावलेल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. तिघांनाही एवढंच हवं होतं, की सोमवारी सकाळी तुमच्या टेबलावर अमुक गोष्ट आली तर तुम्ही आधी काय कराल आणि नंतर काय.

बोलणं सुरू होण्याआधी मला शाळेची सुट्ट्यांची यादी, आठवीचं गणिताचं पुस्तक आणि पाऊण तास दिला. वार्षिक नियोजन करायचं होतं. यादीप्रमाणे कामाचे दिवस 222 भरत होते. आरटीई कायद्यात सहावी ते आठवीला किमान 220 दिवस लागतात, त्यामुळे कागद बरोबर होता. पण शिकवायला मिळणारे दिवस वेगळे असतात. दोन सत्र परीक्षा आणि दोन घटक चाचण्यांचे मिळून 22 दिवस गेले. गॅदरिंगची तालीम, क्रीडा सप्ताह, सहल आणि इतर कार्यक्रमांचे 14 धरले. उरले 186, म्हणजे सहा दिवसांचे 31 आठवडे. गणिताला आठवड्याला सहा तासिका, म्हणजे 186 तासिका. शिक्षकांच्या रजा, प्रशिक्षणं, निवडणुकीची ड्युटी आणि पावसाची सुट्टी यांसाठी साधारण दहा टक्के सोडले. शेवटच्या उजळणीला 20 ठेवल्या. नव्या भागासाठी हातात आल्या 148.

पुस्तकात 17 प्रकरणं. सरळ भागाकार केला तर प्रत्येकाला नऊसुद्धा तासिका येत नाहीत. पण गणितात असा समान वाटा चालत नाही. बैजिक राशींच्या अवयवांना मी 12 तासिका दिल्या, सूट व कमिशनला सहा. विस्तार सूत्रं कच्ची राहिली तर अवयव अडतात आणि अवयव अडले की नववीचं बीजगणित जड जातं. सूट व कमिशन मागेपुढे झालं तरी पुढचं कोणतंही प्रकरण त्यावाचून अडत नाही. हे अवलंबन मी नियोजनाच्या कडेला पेन्सिलीने बाण काढून दाखवलं होतं. मुख्याध्यापकांनी पुढचा अर्धा तास त्या बाणांवरच प्रश्न विचारले.

पहिला प्रश्न लगेच आला. "नवरात्र आलंय आणि एका तुकडीत दोन प्रकरणं मागे आहेत. काय कराल?" रविवारी जादा तास हे उत्तर मी मुद्दाम दिलं नाही. जादा तासाला वर्गातली निम्मी मुलं येतात, म्हणजे मागे राहिलेली मुलं आणखी मागे. मी म्हटलं, सूट व कमिशन दिवाळीनंतर ढकलेन, अवयवांच्या तासिकांना हात लावणार नाही. त्यावर निवृत्त बाईंनी विचारलं, "आणि दुसऱ्या तुकडीत ते शिकवून झालं असेल तर?" हा खरा पेच होता, कारण सत्र परीक्षेची प्रश्नपत्रिका दोन्ही तुकड्यांना एकच. म्हणजे बदल एकट्या शिक्षकाशी बोलून होत नाही. दोन्ही शिक्षकांना एकत्र बसवून प्रश्नपत्रिकेचा घटक बदलायचा आणि तो बदल परीक्षेच्या वेळापत्रकासोबत पालकांना लेखी कळवायचा. नाहीतर परीक्षेच्या आदल्या रात्री पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काय उसळतं ते शाळेत काम केलेल्या कोणालाही माहीत आहे.

मग त्यांनी तीच तुकडी पुढे नेली. तिथले गणिताचे सर माझ्यापेक्षा वयाने मोठे, वीस वर्षांची नोकरी. लॉगबुकात प्रकरणं पूर्ण दाखवतात, मुलं मात्र म्हणतात झाली नाहीत. मी कशावर विश्वास ठेवेन? मी म्हटलं, वर्गातल्या पाच वह्या मागवेन: दोन हुशार मुलांच्या, दोन मधल्या, एक नेहमी गैरहजर राहणाऱ्याची. प्रत्येक सरावसंचातले किती प्रश्न सोडवले आहेत आणि तपासणीची सही कुठे थांबली आहे हे पाहिलं की गोष्ट कळते. बहुतेक वेळा शिकवून झालेलं असतं, सराव झालेला नसतो आणि शिक्षक लॉगबुकात खोटं लिहीत नसतात. वह्या पाहिल्यावर सरांशी बोलणं स्टाफरूममध्ये नाही, त्यांच्या ऑफ तासिकेला एकट्याने. वयाने मोठ्या माणसाला चार जणांत विचारलं की विषय सरावसंचाचा राहत नाही, मानापमानाचा होतो.

सगळ्यात जास्त वेळ गेला पालकांच्या तक्रारीवर. निवृत्त बाईच पालक झाल्या. खुर्ची पुढे ओढून आवाज चढवला: "वही अपुरी होती म्हणून माझ्या मुलाला पूर्ण तासिका वर्गाबाहेर उभं केलं. आत्ताच्या आत्ता त्या सरांना बोलवा!"

मी सरांना बोलावलं नाही. कोणता दिवस, कितवी तासिका, आणखी कोणी बाहेर होतं का, मूल घरी येऊन नेमकं काय म्हणालं, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. मग सांगितलं, "उद्यापासून तुमचा मुलगा वर्गातच बसेल, हे मी आजच सरांना सांगते. बाकीचं मी सरांशी आणि मुलाशी वेगवेगळं बोलून परवा तुम्हाला कळवते." बाई थांबल्या आणि भूमिका सोडून म्हणाल्या, "सरांची बाजू न ऐकता निर्णय दिलात की." मी म्हटलं, दोष कोणाचा हे मी ठरवलेलं नाही. पण आरटीईच्या कलम 17 मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे, त्यामुळे मुलाला बाहेर उभं करणं थांबवायला चौकशीची वाट पाहायची गरज नाही.

"सरांना काढणार का?" हे त्यांनी तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारलं. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, असंच मी प्रत्येक वेळी म्हटलं. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी 1977 चा कायदा आणि 1981 ची नियमावली आहे. मोठी शिक्षा चौकशी समितीशिवाय होत नाही आणि ती कोऑर्डिनेटरच्या हातात तर नाहीच. पालकाला शांत करायला "बघतो त्यांच्याकडे" असं एक वाक्य गेलं, तर उद्या तेच वाक्य सरांच्या बाजूने पुरावा होतं. तक्रार लैंगिक त्रासाची असेल तर मात्र शाळेची अंतर्गत चौकशी आधी हा क्रमच चुकीचा. पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. सचिवांनी इथे मान वर करून पहिल्यांदा काहीतरी लिहून घेतलं.

शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का?" आलं. सेवाशर्तींच्या नियमावलीत मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक, पर्यवेक्षक ही पदं आहेत. कोऑर्डिनेटर नाही. म्हणजे या पदाचा अधिकार संस्था पत्रात लिहील तेवढाच. म्हणून मी तीनच गोष्टी विचारल्या: मला स्वतःला किती तासिका घ्याव्या लागतील, वेळापत्रक आणि प्रॉक्सी कोण लावणार, आणि शिक्षकांच्या गोपनीय अहवालात माझं मत जाणार की नाही. मुख्याध्यापक आणि सचिवांनी एकमेकांकडे पाहिलं. तिसऱ्या मुद्द्यावर त्यांचं आपसात ठरलेलं नव्हतं हे उघड होतं.

नेमणुकीचं पत्र आलं त्यात 12 तासिका आणि वेळापत्रकाची जबाबदारी स्पष्ट होती, अहवालाचा उल्लेख नव्हता. मी ते पत्र घेऊन पुन्हा गेले. दोन ओळी वाढवून मिळाल्या, वर्गनिरीक्षणाच्या लेखी नोंदी अहवालाला जोडल्या जातील अशा, आणि मग सही केली.