बाथरूमचे दोन दिवस

"वहिनी, दिवाळीच्या सफाईत एवढ्याशा बाथरूमले तुम्ही दोन दिवस देता, तेही मधात दोन दिवस सोडून, काऊन?"

दरवर्षी मी सांगते की नळ दोन दिवसांआड येतो म्हणून. तुम्ही विचारलंत म्हणून यंदा खरं सांगते, नळाचं कारण अर्धंच आहे.

बाकी घराचं माझं टाइमटेबल काही वेगळं नाही. वसुबारसेच्या नऊ दिवस आधी माळा, कारण माळ्यावरची धूळ खाली येणारच, आधी बेडरूम पुसून ठेवली तर ती परत पुसावी लागते. त्याच दिवशी गोधड्या गच्चीवर. मग बेडरूम, मग हॉल. सोयाबीन काढणीचे दिवस असतात, थ्रेशरचं कुटार उडून पंख्यावर बसतं, म्हणून जुनी उशीची खोळ पात्यावर चढवायची आणि पुसत बाहेर ओढायची, धूळ खोळीतच राहते. स्वयंपाकघराला दोन दिवस. एक्झॉस्टची जाळी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवली की चिकट सुटतं, फक्त ॲल्युमिनियमचं काही त्यात टाकू नका, काळं पडतं. माझी कढई पडली.

आता बाथरूम. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला, बोअरचं पाणी टाइल्सवर पांढरा थर सोडतं, तो घासून जात नाही, त्याला ॲसिडच लागतं, म्हणजे टॉयलेट क्लीनर. आणि टाइल्सच्या फटीत काळी बुरशी धरते, ती ॲसिडने नीट जात नाही, तिला ब्लीचिंग पावडर. दोन वेगळे डाग, दोन वेगळी औषधं. मला तेव्हा वाटायचं की दोन्ही एकदम टाकलं तर काम दुप्पट होईल. आता म्हणते, बाई, तुला बाटलीवरचं वाचायला काय झालं होतं? तर ते बारीक अक्षरात, इंग्रजीत होतं. पण खरं सांगू का, मराठीत असतं तरी मी वाचलं नसतं.

सहा वर्षांपूर्वी धनतेरसेच्या आदल्या दिवशी मी चकल्या तळत होते आणि सफाईही उरली होती. टाइल्सवर क्लीनर टाकून वीस मिनिटं ठेवला, पाणी वाचवायचं म्हणून धुतला नाही, वरून बादलीत कालवलेली ब्लीचिंग पावडर शिंपडली. वास आला, नळाला जास्त पावडर पडल्यावर येतो तसा, पण नाकात सुई टोचल्यासारखा. मला वाटलं काम करतंय. तेवढ्यात सासूबाई आल्या, म्हणे तू तळण पाह्य, मी घासते. पाटावर बसल्या, ब्रश घेतला. आणि मीच म्हटलं, "आई, दार लावून घ्या, तळणाले वास लागते."

हे वाक्य मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

पाचेक मिनिटांनी खोकला ऐकू आला. त्यांना दमा, खोकला रोजचाच, म्हणून मी एक घाणा अजून काढला. मग खोकला थांबला, तेव्हा दार ढकललं तर त्या भिंतीला टेकून होत्या, ओठ निळसर. यांनी उचलून बाहेर आणलं. मी मात्र मूर्खासारखी आत पाणी ओतायला गेले, जे करायचं नव्हतं, आधी माणूस बाहेर, दारं-खिडक्या उघड्या आणि आपणही बाहेर, बादली नंतर. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "काय काय टाकलं?" दोन्ही नावं सांगितली तर म्हणाले, क्लोरीन वायू झाला. तो हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. मी उभी होते, आई पाटावर बसलेल्या. दोन दिवस ऑक्सिजन लागला, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घरी आल्या.

म्हणून आता स्वयंपाकघर झालं की सहाव्या दिवशी ॲसिड, दार उघडं, व्हेंटिलेटरची काच काढलेली, नंतर चार बादल्या पाणी, कोपरे आणि जाळीसकट. नवव्या दिवशी ब्लीच, नुसत्या पाण्यात, साबण-सोडा काही नाही. एवढं अंतर लागत नाही हे मलाही माहीत आहे, नीट खळखळून धुतलं तर दुसऱ्या दिवशीही चालेल. मधले दोन दिवस केमिकलसाठी नाहीत, माझ्यासाठी आहेत.

हे म्हणतात ब्लीच सोडूनच दे, फटी काळ्या राहिल्या तर राहू दे. मलाही पटतं, पण पाहुणे आले की पहिली नजर तिथेच जाते, म्हणजे माझी जाते. सासूबाई नातेवाइकांना अजून चकलीचा ठसका लागला होता असंच सांगतात, आणि मला म्हणतात, "दार उघडं ठेव ना, एका दिवसात होते, उगा घोळ नको घालू."

यंदाची पावडर आणली आहे. ती माळ्यावर आहे, क्लीनर सिंकखाली.